‘ही डज नॉट प्लेज’ का चुकतं? शिक्षिकेच्या पत्रातून समजून घ्या मराठी आणि इंग्रजी व्याकरणाचं नातं

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. मूल इंग्रजीत कच्चं आहे, मग मराठीचा तास कमी करून इंग्रजीचा वाढवता येईल का? महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी आणण्यावरून मोठा वाद झाला. 16 एप्रिल आणि 17 जूनचे शासन निर्णय निघाले आणि 29 जूनला दोन्ही मागे घेण्याची घोषणा झाली. पुढचं ठरवण्यासाठी डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. या सगळ्या चर्चेत ‘कोणती भाषा कधी’ यावर भरपूर बोललं गेलं. पहिली भाषा दुसरीला नेमकी मदत कशी करते, हा मुद्दा मात्र मागेच राहिला.

तिसरीच्या वर्गशिक्षिकेने हाच मुद्दा पालकांना पत्रातून सांगायचा ठरवला, तर ते पत्र कसं असेल? त्याचा एक नमुना आणि त्यामागचं व्याकरण पाहू.

पत्रात काय लिहिलेलं असेल?

“पालकांना सप्रेम नमस्कार. वहीत ‘ही डज नॉट प्लेज’ हे वाक्य लाल शाईने खुणावलेलं दिसेल. वर्गातल्या बऱ्याच मुलांची ही चूक झाली आहे. त्यासाठी इंग्रजीचा नियम दहा वेळा लिहून आणायला सांगितलेला नाही. त्याऐवजी मुलांना मराठीची चार वाक्यं दिली आहेत. ‘इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला?’ असं काहींनी विचारलं, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मुलांना जे इंग्रजीत जड जातंय, ते मराठीत त्यांना आधीपासून येतं. येतं हे त्यांना ठाऊक नाही, एवढंच.”

पत्रातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे आणि ते तपासून पाहता येतं.

मुलाला मराठीत काय आधीपासून येतं?

आठ वर्षांचं मूल ‘मी खेळतो, तू खेळतोस, तो खेळतो, ते खेळतात’ हे न चुकता बोलतं. कर्ता बदलला की क्रियापदाचं रूप बदलतं, ही गोष्ट त्याला कोणी शिकवलेली नसते. ‘तू खेळतात’ असं कोणी म्हटलं तर ते हसेल.

इंग्रजीतही हेच घडतं, फक्त खूप कमी प्रमाणात. ‘आय प्ले, यू प्ले, दे प्ले’ यांत क्रियापद तसंच राहतं. एकाच ठिकाणी बदल होतो तो ‘ही’, ‘शी’, ‘इट’ यांच्यासोबत. तिथे शेवटी ‘एस’ लागून ‘ही प्लेज’ होतं. म्हणजे मुलाला नवं तत्त्व शिकायचं नाही. शिकायचंय ते इतकंच, की मराठीत क्रियापद अनेक ठिकाणी बदलतं आणि इंग्रजीत एकाच ठिकाणी.

यात एक गंमतही आहे. मराठीत शेवटचा ‘स’ लागतो तो ‘तू’ला, ‘तू खेळतोस’ असा. इंग्रजीत तो ‘ही’ आणि ‘शी’ला लागतो. शिक्षिकेने फळ्यावर दोन्ही वाक्यं शेजारी लिहून ‘इथे स कोणाचा आणि तिथे कोणाचा?’ असं विचारलं, की नियम पाठ करण्याऐवजी मुलं तो शोधून काढतात.

मग नकार आला की गडबड का होते?

‘ही प्लेज’चा नकार करताना मूल मध्ये ‘डज नॉट’ घालतं आणि ‘प्लेज’ तसंच ठेवतं. इथे शिक्षिका मुलांना मराठी वाक्याचा नकार करायला लावते.

“मुलांना ‘तू खेळतोस’ याचा नकार विचारला. सगळी एका सुरात म्हणाली, ‘तू खेळत नाहीस.’ मग विचारलं, खेळतोसमधला स कुठे गेला? थोड्या वेळाने उत्तर आलं, ‘नाहीला चिकटला!’ मग ‘ते खेळतात’चा नकार केला, ‘ते खेळत नाहीत’. इथे अनेकवचनाची खूण ‘नाहीत’वर गेली आणि ‘खेळत’ तसंच राहिलं.”

हीच या धड्याची किल्ली आहे. मराठी वर्तमानकाळात नकार आला की कर्त्याची खूण मुख्य क्रियापदावरून उठून ‘नाही’वर जाऊन बसते. ‘तू खेळतोस नाहीस’ असं कोणीच म्हणत नाही, कारण खूण एकदाच लागते. इंग्रजीतही अगदी असंच होतं. ‘प्लेज’मधला ‘एस’ उठून ‘डू’ला चिकटतो, त्याचं ‘डज’ होतं आणि ‘प्ले’ मोकळं राहतं. म्हणून ‘ही डज नॉट प्ले’. ‘डज नॉट प्लेज’मध्ये एकच खूण दोनदा लागली आहे.

म्हणजे ही चूक मराठीमुळे होत नाही. उलट मराठीचा आधार घेतला तर ती कळते आणि सुधारते. पण त्यासाठी मुलाने स्वतःच्या भाषेकडे थोडं थांबून पाहायला हवं. नुसतं मराठी बोलता येणं पुरत नाही. ‘खेळतोस’चे तुकडे कसे पडतात, कोणता तुकडा काय सांगतो, हे मराठीच्या तासालाच दिसू लागतं. तो तास कमी केला तर इंग्रजीला लागणारा हा पायाच जातो.

मराठी नेहमी मदतच करते का?

नाही, आणि प्रामाणिक पत्रात हे लिहिलेलं असायला हवं.

भूतकाळ घ्या. ‘तो खेळला’चा नकार ‘तो खेळला नाही’ असा होतो. इथे भूतकाळाची खूण ‘ला’ मुख्य क्रियापदावरच राहते. इंग्रजीत मात्र ‘प्लेड’मधली खूण उठते आणि ‘डिड’वर जाते, ‘ही डिड नॉट प्ले’. मूल ‘ही डिड नॉट प्लेड’ लिहितं तेव्हा त्यामागे मराठीचा ओढा असू शकतो. वर्तमानकाळात सोबत चालणारी मराठी भूतकाळात वेगळी वाट धरते.

प्रश्नाचंही तसंच. मराठीत ‘तो खेळतो’ला शेवटी ‘का’ जोडला की प्रश्न तयार होतो, बाकी वाक्य हलत नाही. इंग्रजीत ‘डज’ कर्त्याच्या आधी न्यावा लागतो, ‘डज ही प्ले?’ असा. शब्दांची ही अदलाबदल मराठीत नाही. त्यामुळे ती इंग्रजीतूनच, भरपूर वाक्यं ऐकून आणि बोलून, शिकावी लागते. ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांची गतही हीच. मराठीत त्यांना नेमका जोडीदार नाही.

यातून शिक्षिकेला चुकांची वर्गवारी करता येते. मराठीत जे तत्त्व आहे तिथे चूक झाली, तर मराठी वाक्य समोर ठेवून आठवण करून द्यायची. मराठीची रचना वेगळी असेल, तर दोन्ही वाक्यं शेजारी लिहून फरक दाखवायचा. मराठीत ती गोष्टच नसेल, तर तुलनेत वेळ न घालवता थेट सराव घ्यायचा. तीन प्रकारच्या चुकांवर ‘दहा वेळा लिहा’ हा एकच उपाय चालत नाही.

संशोधन काय सांगतं?

कॅनडातले भाषा-शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये एक सिद्धांत मांडला. दोन भाषा वरवर वेगळ्या दिसल्या, तरी वाचन, अर्थ लावणं, भाषेबद्दल विचार करणं ही कौशल्यं खालून जोडलेली असतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे एका भाषेत कमावलेलं दुसरीत वापरता येतं. मात्र त्याला त्यांनी अटही जोडली होती. दुसरी भाषा मुलाच्या कानावर आणि डोळ्यांपुढे पुरेशी यायला हवी आणि ती शिकायची इच्छाही हवी. मातृभाषा पक्की झाली की इंग्रजी आपोआप येईल, असा याचा अर्थ नाही.

2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा हे शिकण्याचं माध्यम असावं, असं सांगतं. त्याच वेळी दुसऱ्या भाषांची ओळख लहानपणापासून करून देण्याचाही आग्रह धरतं. म्हणजे धोरणातही ‘मराठी की इंग्रजी’ असा सामना नाही.

घरची भाषा मराठी नसेल तर?

महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये गोंडी, कोरकू, भिली बोलणारी मुलंही आहेत. गोंडी द्रविड कुळातली आणि कोरकू मुंडा गटातली. म्हणजे त्यांची रचना मराठीपेक्षा मुळातच वेगळी. या मुलांसाठी मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. त्यांच्यासमोर ‘खेळतोस’ आणि ‘नाहीस’ ठेवलं, तर आधार देण्याऐवजी आणखी एक ओझं दिल्यासारखं होईल. तिथे शिक्षिकेला ‘तुमच्या घरी हे कसं म्हणतात?’ असं विचारून सुरुवात करावी लागते. पद्धत तीच, फक्त पहिलं वाक्य मुलाच्या भाषेतलं. त्यासाठी ती भाषा जाणणारी व्यक्ती वर्गात किंवा गावात हवी आणि खरी अडचण अनेकदा तिथेच येते.

पालकांनी काय करायचं?

पत्राचा शेवट असा असू शकतो:

“इंग्रजी येत नाही म्हणून आपण मदत करू शकत नाही, असं समजू नका. रोज एकच मराठी वाक्य घ्या. ‘आजी चहा पिते.’ मुलाला त्याचा नकार करायला सांगा, मग प्रश्न. प्रत्येक वेळी कोणता शब्द बदलला, कोणता तसाच राहिला, एवढंच विचारा. इंग्रजी वाक्य आम्ही वर्गात करून घेऊ. घाईघाईने शब्दाला शब्द लावून भाषांतर मात्र करून घेऊ नका. ‘आजी टी ड्रिंक्स’ असं वाक्य तयार होईल, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि इंग्रजीत कर्त्याच्या मागोमाग. आणि मूल ‘डज नॉट ड्रिंक्स’ म्हणालं, तर ओरडू नका. ‘नाहीस’मधला स कुठून आला होता, एवढं विचारा. बाकीचं ते स्वतः दुरुस्त करेल.”