दहा मिनिटांत बोलला, म्हणून?

कोठडीतल्या मारहाणीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास पुढे येतो: ‘तुमचंच पोर पळवून नेलं असतं तर?’ पुढचा माणूस गप्प बसतो आणि विचारणाऱ्याला वाटतं, वाद जिंकला. या प्रश्नाला बगल देऊ नये, असं माझं मत आहे. म्हणूनच तो कल्पनेत न ठेवता खरोखर घडलेल्या प्रकरणात पाहू.

27 सप्टेंबर 2002 रोजी जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये एका बँकमालक कुटुंबातला 11 वर्षांचा मुलगा पळवला गेला. 10 लाख युरोंची खंडणी मागितली गेली. ती उचलायला आलेल्या तरुणावर पोलिसांनी पाळत ठेवली आणि 30 तारखेला त्याला पकडलं. हा कायद्याचा विद्यार्थी होता. मुलगा कुठे आहे हे मात्र तो सांगेना, उलट दिशाभूल करत राहिला. 1 ऑक्टोबरच्या सकाळी शहराचे उपपोलीसप्रमुख वोल्फगांग डाश्नर यांनी हुकूम दिला: न बोलल्यास असह्य वेदना दिल्या जातील अशी धमकी द्या, आणि गरज पडली तर डॉक्टरच्या देखरेखीखाली, इजा न करता, त्या खरोखर द्या. हाताखालच्या काही अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, पण हुकूम कायम राहिला. धमकी दिली गेली आणि दहाएक मिनिटांत आरोपी बोलला. त्याने दाखवलेल्या तळ्याकाठी मुलाचा मृतदेह मिळाला. मुलाला त्याने अपहरणाच्या दिवशीच मारलं होतं.

डाश्नर यांचं एक मानलं पाहिजे. त्यांनी लपवाछपवी केली नाही. काय हुकूम दिला आणि का दिला, हे त्यांनी स्वतःच्या सहीने फाइलीत नोंदवून ठेवलं. खटला त्याच नोंदीवरून उभा राहिला.

आधी माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडतो. छळाला विरोध करणारे नेहमी म्हणतात, ‘मारून खरी माहिती मिळतच नाही, माणूस सुटकेसाठी काहीही बरळतो.’ पुष्कळदा हे खरं असतं. पण फ्रँकफर्टमध्ये माहिती मिळाली, खरी मिळाली आणि चटकन मिळाली. मग आता विरोध सोडायचा का? ज्याचा विरोध ‘उपयोग होत नाही’ एवढ्यावरच उभा आहे, त्याला सोडावाच लागेल. ‘आज एकाला मारलं तर उद्या दहांना मारतील’ हा युक्तिवादही तसाच. तो खोटा नाही, पण तोही शेवटी परिणामांचाच हिशेब आहे. समोरचा म्हणेल, कडक नियम करू, न्यायाधीशाची परवानगी लागेल असं ठरवू. मग तुमच्याकडे बोलायला काय उरतं?

उरतं ते असं. बंदूक रोखलेल्या अपहरणकर्त्यावर पोलीस गोळी झाडतात, त्यात माणूस मरतो. तरी ते कृत्य आणि हे कृत्य एका जातीचं नाही. गोळी हल्ला थांबवते. तिला त्या माणसाच्या मनाशी काही देणंघेणं नसतं. कोठडीतल्या माणसाच्या हातात बेड्या असतात, तो कुणावर धावून येत नाही. त्याला वेदनेची भीती घातली जाते, ती त्याचं शरीरच त्याच्या इच्छेविरुद्ध फितूर व्हावं म्हणून. त्याला पटवलं जात नाही, शिक्षाही दिली जात नाही. तो एक कुलूप आहे असं धरून ते फोडलं जातं. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असं कांट म्हणाला त्याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

यावर हुशार प्रतिपक्षी म्हणतो, ‘मूल जिवंत असेल तर आरोपीचं गप्प बसणं हाच चालू हल्ला आहे.’ हा आक्षेप वजनदार आहे. ठिकाण सांगणं हे त्याचं कर्तव्य होतं, यात शंका नाही. ते मोडल्याबद्दल त्याला जबर शिक्षा करा. पण कर्तव्य मोडणाऱ्याकडून ते वाटेल त्या उपायाने वसूल करता येतं, हे त्यातून निघत नाही. शिवाय डॉक्टरची ती देखरेख विसरू नका. हुकूम अमलात आलाच असता तर एका डॉक्टरला नाडी तपासत उभं राहावं लागलं असतं आणि कुणाला तरी इजा न होता वेदना कशी द्यायची हे शिकून ठेवावं लागलं असतं. हे संतापाच्या भरात मारलेल्या थपडीसारखं नाही. सरकारी वेळेत करायचं काम आहे हे.

‘काही कृत्यं परिणाम काहीही असले तरी चूक’ असं म्हटलं की लोकांना वाटतं, सगळेच नियम असे पोलादी मानायचे. कांटने स्वतः 1797 मध्ये तसा हट्ट धरला होता: खुनी दारात येऊन मित्राचा ठावठिकाणा विचारतो, तरी खोटं बोलायचं नाही. मी त्याच्याबरोबर तिथवर जात नाही. त्या खुन्याला चकवताना त्याचं कुणी काही मोडत नाही. निरपवाद नियम थोडेच असावेत. बांधून घातलेल्या माणसाला वेदना देऊन फोडू नये, हा मात्र त्यातला एक.

मग डाश्नर यांना राक्षस ठरवायचं का? इथे फ्रँकफर्टच्या न्यायालयाने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. दुसऱ्याच्या बचावासाठी बळ वापरायचा हक्क, आणीबाणीची गरज, हे सगळे बचाव त्याने नाकारले. जर्मन राज्यघटनेचं पहिलंच कलम मानवी प्रतिष्ठा अभंग मानतं. तिथे तराजू लावता येत नाही, ही त्यामागची भूमिका. 20 डिसेंबर 2004 रोजी डाश्नर आणि धमकी देणारा अधिकारी, दोघेही दोषी ठरले. पण मुलाला वाचवायची धडपड, दिवसरात्रीचा ताण आणि प्रामाणिक नोंद लक्षात घेऊन न्यायालयाने त्यांना ताकीद दिली आणि 10,800 आणि 3,600 युरोंचे दंड राखून ठेवले. पुन्हा गुन्हा केला तरच ते भरायचे. कृत्य चूक, पण करणाऱ्यावर दया. परिणामवाद्याला यात दुटप्पीपणा दिसतो. मला वाटतं, आपण घरीदारी नेहमी हेच करतो. पोटच्या पोरासाठी चोरी करणाऱ्या आईला आपण सोडून देऊ, पण चोरीचा परवाना छापून ठेवणार नाही. डाश्नर यांना मात्र तो परवानाच हवा होता. आपण केलं ते कायदेशीर होतं, असं ते न्यायालयात म्हणत राहिले. माझं भांडण तिथे आहे.

आता सुरुवातीचा प्रश्न. मूल माझं असतं तर मी त्या माणसाचा गळा धरला असता, बहुधा. ते मूल जिवंत असतं आणि धमकीअभावी गेलं असतं, तर? तरीही राज्याने ती धमकी द्यायला नको होती, असंच माझं म्हणणं आहे. याची किंमत शून्य आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मुलाच्या आईबापांच्या डोळ्यांत बघून हे म्हणणं सोपं नाही. पण सोपं नसणं आणि खोटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या खुन्याचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं, कारण ‘मग गुन्हेगार सुटतात’ ही ओरड ठरलेली असते. धमकीच्या छायेत दिलेली कबुली न्यायालयाने वापरली नाही. खटल्यात त्याने नव्याने कबुली दिली आणि 2003 मध्ये त्याला जन्मठेप झाली, तीही गुन्ह्याचं विशेष गांभीर्य नोंदवून. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2010 मध्ये ती धमकी अमानुष वागणूक ठरवली; खटला अन्यायाचा झाला, हे मात्र मान्य केलं नाही. 2011 मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयाने त्याला 3,000 युरो भरपाई द्यायला लावली, तेव्हा देशभर संताप उसळला. संताप मला समजतो. पण ते पैसे खुनाबद्दलचे नव्हते. 1 ऑक्टोबरच्या सकाळी राज्याने जे केलं त्याबद्दलचे होते, आणि जन्मठेपेतला एकही दिवस त्याने कमी झाला नाही.