पाचांतली चार चित्रे खोटी

गवळ्याने शेरभर दुधात चार शेर पाणी घातले, तर आपण त्याला पुन्हा दारात उभे करणार नाही. भिंतीवर टांगलेला नवा टी.व्ही. मात्र चित्रपटाच्या बाबतीत नेमके हेच करतो, आणि आपण आल्यागेल्या पाहुण्याला कौतुकाने सांगतो, "बघा, चित्र कसं लोण्यासारखं सरकतंय!" दिवाळीच्या सुटीत फराळाची ताटे पुढे घेऊन सारे घर एखादा जुना चित्रपट पाहायला बसणार, तेव्हा त्याआधी, वाचकहो, ह्या लोण्याची जरा झडती घेऊ.

चित्रपट म्हणजे स्थिर चित्रांची माळ, हे शाळकरी पोरही जाणते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, तेव्हापासून ही माळ सेकंदाला २४ चित्रे ह्या वेगाने पळते. आजच्या बऱ्यापैकी टी.व्ही.चा पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकतो. चोवीस पाचे एकशेवीस. म्हणजे सरळ मार्ग असा, की प्रत्येक चित्र पाच वेळा दाखवावे आणि गप्प बसावे. चित्रपटगृहातला जुना प्रोजेक्टर तरी दुसरे काय करीत होता? चित्र लुकलुकू नये म्हणून एकच चित्र तो दोनदा, क्वचित तीनदा पडद्यावर फेकी. पण पदरचे चित्र त्याने कधी काढले नाही. आपला टी.व्ही. तेवढ्यावर थांबत नाही. तो एक चित्र खरे दाखवतो आणि पुढच्या खऱ्या चित्रापर्यंतची चार स्वतः रचून मध्ये घुसडतो. दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चित्रे दिग्दर्शकाची. आणि ही कारागिरी पूर्ण जोरात चालू असेल, तर ६,९१,२०० टी.व्ही.च्या कारखान्यातली!

ही रचना होते कशी तेही पाहू. यंत्र चित्राचे बारीक बारीक चौकोन पाडते. पहिल्या चित्रातला प्रत्येक चौकोन दुसऱ्या चित्रात कुठे गेला, ते शोधते, आणि मधल्या वाटेवर तो कुठे असेल ह्याचा अदमास बांधून तिथे चिकटवते. मोकळ्या रस्त्यावरून एकटी मोटार चालली असेल, तर अदमास बरोबर येतो. पण एखादी वस्तू दुसरीच्या आडून बाहेर आली, तर ती आधीच्या चित्रात नव्हतीच; यंत्राने ती शोधायची कुठे? शंभर वस्तू एकसारख्या असल्या, तर ह्याची कोणती आणि त्याची कोणती, हे ठरत नाही. आणि धूर, पाणी, मोकळे केस ह्यांना ठाम आकारच नसतो, मग चौकोन जुळणार कसे?

आता सत्यजित राय यांचा १९५५ सालचा ‘पथेर पांचाली’ घ्या. दुर्गा आणि अपू काशफुलांच्या रानातून आगगाडी पाहायला धावतात, तो प्रसंग ज्याने एकदा पाहिला त्याला पुन्हा सांगायला नको. माणसाच्या उंचीची पांढरी तुऱ्यांची गवते, सगळी एकसारखी, सगळी वाऱ्यावर डुलणारी. मुले त्यांच्या आड जातात आणि पुन्हा दिसतात. दूरवर आगगाडीचा काळा धूर. यंत्र जिथे हमखास फसते अशा तिन्ही गोष्टी राय यांनी जणू मुद्दाम एकत्र आणून ठेवल्या आहेत!

माझ्या एका भाच्याच्या घरी मी हा प्रसंग नव्या टी.व्ही.वर पाहिला. मुले धावू लागली, तशी त्यांच्या डोक्याभोवती पाणी थरथरावे तशी एक कड हलू लागली. तुऱ्यांचे वेगळेपण जाऊन त्यांचा लगदा झाला आणि पुढच्या क्षणी ते पुन्हा तुरे झाले. सर्वांत चीड आणणारी गोष्ट पुढेच होती. अदमास अगदीच जुळेनासा झाला, की यंत्र हात टेकते आणि काही क्षण मूळ चोवीस चित्रांवर येते. जुळू लागला, की पुन्हा गुळगुळीत. त्यामुळे ती दोन मुले एकदा तेलावरून घसरत होती, एकदा धावत होती, पुन्हा घसरत होती. भाचा म्हणाला, "मामा, जुनी फिल्म आहे, खराब झाली असेल." ह्याला काय म्हणावे? चोरी यंत्राची आणि आळ राय यांच्यावर!

ही फुले त्या माणसाला सहज मिळाली नव्हती. १९५२ साली त्यांनी ह्याच प्रसंगापासून चित्रणाला आरंभ केला. पहिल्या दिवसाचे काम करून आठवड्याने ते परत गेले, तो गुरांनी सगळी फुले फस्त केली होती. मग पुढच्या मोसमात फुले येईपर्यंत उरलेला भाग थांबला. पुढे १९९३ साली लंडनमधल्या एका प्रयोगशाळेला आग लागून त्यांच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. त्यातून जे हाती लागले ते इटलीतल्या बोलोन्या शहरी कारागिरांनी हाताने सांधले, आणि २०१५ साली ‘पथेर पांचाली’ पुन्हा नव्याने लोकांपुढे आला. एकेका चित्रासाठी इतके झटायचे, आणि ते आपल्या दिवाणखान्यात आल्यावर प्रत्येकामागे चार तोतये उभे करायचे, हा कोणता न्याय?

तोतये म्हणालो, ते रागाच्या भरात नव्हे. चित्रपटाच्या कॅमेऱ्याचे शटर साधारणपणे प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग उघडे राहते आणि तेवढाच वेळ मिटते. उघडे असताना हललेला हात किंचित पुसट उमटतो, आणि मिटलेल्या वेळातले आपले मन भरून काढते. त्या पुसटपणात आणि त्या रिकाम्या जागेत चित्रपटाची चाल आहे. टी.व्ही. ती जागा बुजवायला जातो, पण त्या क्षणी कॅमेऱ्याचा डोळा मिटलेला होता. तिथे काय होते, हे कॅमेऱ्याने पाहिलेले नाही आणि ह्याने तर नाहीच नाही.

ह्या विकाराला इंग्रजीत ‘सोप ऑपेरा इफेक्ट’ म्हणतात. साबणाच्या कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या म्हणून अमेरिकेतल्या रोजच्या कौटुंबिक मालिकांना ते नाव पडले. त्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेत, आणि तो सेकंदाला साठ वेळा चित्र टिपी. आपल्याकडच्या व्हिडिओचा हिशेब पन्नासाचा. बातम्या, सामने, घरगुती मालिका हे सगळे त्या चालीने पाहायची डोळ्यांना सवय झाली, आणि गोष्ट मात्र चोवीस चित्रांच्या चालीने. त्यामुळे चित्रपट गुळगुळीत झाला, की राजवाडा पुठ्ठ्याचा वाटू लागतो, दाढी चिकटवलेली दिसते, आणि आपण गोष्ट पाहत नसून चित्रीकरण पाहायला उभे आहोत, असा भास होतो.

दुसऱ्या पक्षाचेही ऐकले पाहिजे. हे यंत्र मुळात लबाडीसाठी निघाले नाही. काचेच्या नळीच्या जुन्या टी.व्ही.त चित्र क्षणभर चमकून विझे. आजच्या सपाट पडद्यावर ते पुढचे चित्र येईपर्यंत जागीच तेवत राहते. पळत्या चेंडूमागे आपला डोळा सरकतो, चित्र मात्र थबकलेले, म्हणून चेंडू फराटल्यासारखा दिसतो. त्यावर उतारा म्हणून जास्त चित्रे दाखवायची ठरली, आणि ती नव्हती म्हणून बनवली. खेळासाठी काढलेले औषध सरसकट चित्रपटाला पाजले, हा खरा गुन्हा. दुकानात एका ओळीत मांडलेल्या दहा टी.व्ही.त जो जास्त झुळझुळीत दिसेल त्यावर गिऱ्हाइकाची नजर ठरते, म्हणून पुष्कळ संचांत ही सोय चालू ठेवूनच माल घरी येतो.

दुसरे एक म्हणणे मी मान्यच करतो. ही सोय बंद केली आणि कॅमेरा एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश फिरला, तर चित्र किंचित अडखळते. काळ्यात ठार काळा दाखवणाऱ्या महागड्या ओएलईडी पडद्यांवर ते अधिक जाणवते, कारण तिथे एक चित्र जाऊन दुसरे झटक्यात येते. सेकंदाला ६० वेळाच बदलणाऱ्या स्वस्त पडद्यावर तर २४ ने भागच जात नाही. एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा, अशी लंगडी चाल होते. ज्याला हे सोसत नाही, त्याने सोय अगदी खालच्या पायरीवर ठेवावी, भांडण नाही. आणि एखाद्या दिग्दर्शकाने स्वतःच जास्त चित्रे टिपली, जशी पीटर जॅक्सन यांनी २०१२ च्या ‘द हॉबिट’साठी सेकंदाला ४८ टिपली, तर तो त्यांचा अधिकार. पुष्कळांना ते रुचले नाही, पण निदान ती चित्रे खरी होती.

ओरड करणारा मी एकटा नव्हे. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी, चित्रपट पाहताना ही सोय बंद करा, म्हणून लोकांना जाहीर विनंती केली. पुढच्या वर्षी टी.व्ही. बनवणाऱ्यांच्या आणि स्टुडिओंच्या संघटनेने Filmmaker Mode जाहीर केला. आपल्या संचात तो असेल, तर तो निवडला, की झाले. नसेल, तर चित्राच्या सेटिंगमध्ये खोल जावे लागते, आणि तिथे कंपन्यांनी एकाच खोडीला नाना नावे दिली आहेत. सॅमसंगवर Auto Motion Plus किंवा Picture Clarity, एलजीवर TruMotion, सोनीवर Motionflow. ते बंद करावे. कुठे De-Judder किंवा Judder Reduction अशी पट्टी दिसली, तर ती शून्यावर आणावी.

एवढ्यावर उठू नका. बऱ्याच संचांत चित्राच्या प्रत्येक प्रकाराचे आणि प्रत्येक जोडणीचे सेटिंग निराळे असते. सेट-टॉप बॉक्सवर बंद केलेली खोड टी.व्ही.तल्याच अ‍ॅपमध्ये सुखेनैव चालू राहते, आणि एचडीआर चित्रपट लागला, की तिसऱ्याच खात्यातून डोके वर काढते. म्हणून चित्रपट सुरू करून, मग सेटिंग उघडून पाहावे. खात्री करायची, तर कुंपणापुढून किंवा गजांच्या खिडकीपुढून कोणी चालत जाते तो प्रसंग लावावा आणि त्या माणसाच्या कडेकडे पाहावे. कडेला थरथर नसेल आणि गज जागचे हलत नसतील, तर काम झाले. क्रिकेटचा सामना लागला, की मुलांना हवी तर सोय पुन्हा चालू करू द्या. सामना मुळातच सेकंदाला पन्नास चित्रांनी टिपलेला असतो, तिथे तिच्यावाचून फारसे काही अडतही नाही आणि बिघडतही नाही.