सांत्वनाच्या पत्राला दोन कागद लावा

कारखान्याच्या आस्थापना विभागात माझी एकतीस वर्षं गेली. त्यात नोकरीत असतानाच वारलेल्या कामगारांच्या घरी पत्रं लिहायचं काम बहुतेक माझ्याच टेबलावर आलं. सुरुवातीची पत्रं आठवली तर आज लाज वाटते. ‘आपल्या दुःखात व्यवस्थापन सहभागी आहे. देय रकमांसाठी आवश्यक त्या कागदपत्रांसह कार्यालयीन वेळेत संपर्क साधावा.’ संपलं पत्र. ‘आवश्यक त्या’ म्हणजे कोणत्या, ते आम्ही लिहीत नव्हतो. अशा एका पत्रावरून खेड तालुक्यातली एक बाई चार वेळा एसटीने आली. पहिल्या खेपेला मृत्यूचा दाखला नव्हता, दुसऱ्या खेपेला बँकेचं पासबुक नव्हतं, तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर होते. चौथ्या खेपेला ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “भाऊ, एकदाच सगळं सांगा की.”

तेव्हापासून मी दोन कागदांचं पत्र लिहू लागलो. पहिल्या कागदावर फक्त माणसाबद्दल, दुसऱ्यावर फक्त पैशाबद्दल. कारण साधं आहे. दुसरा कागद बँकेत, पीएफच्या ऑफिसात, तहसीलमध्ये फिरतो, त्याच्या झेरॉक्स निघतात, त्यावर शिक्के पडतात. पहिला कागद घरात राहतो. ज्या पत्रात नवऱ्याच्या लेथवरच्या हाताचं कौतुक आहे, त्याच पत्राला कुणी क्लार्कने टाचणी मारावी, हे बरं दिसत नाही.

पहिला कागद पाच-सहा ओळींचा पुरे. मात्र त्यात त्या माणसाचंच काहीतरी असू द्या, म्हणजे तो कुठल्या मशीनवर होता, नवी पोरं कुणाकडे शिकायला पाठवत होतो, शेवटची पाळी कोणती केली. आणि मायना नीट बघा. टंकलेखकाच्या जुन्या नमुन्यात ‘सौ.’ राहून गेलेलं मी पाहिलं आहे, आणि ‘गं. भा.’सुद्धा. पहिला निष्काळजीपणा, दुसरा क्रूरपणा. ‘श्रीमती’ लिहा, पुढे पूर्ण नाव लिहा, आणि ओळख असेल तर खाली ‘वहिनी’ म्हणा.

हे पत्र तेराव्यानंतर कुणाच्या तरी हाती घरी पाठवा. अंत्यविधीची तातडीची मदत मात्र मृत्यूच्या दिवशीच पोचली पाहिजे. कामगार ईएसआयखाली असेल तर अंत्यविधीचे पंधरा हजारांपर्यंत तिथून मिळतात, पण ती मागणी तीन महिन्यांच्या आत करावी लागते.

आता दुसरा कागद. तो कसा लिहावा हे एका प्रकरणावरूनच सांगतो, कारण त्यात नेहमीच्या सगळ्या गाठी होत्या. २०२२ सालची गोष्ट. लेथवरचा कामगार, वय बेचाळीस, घरी असताना हृदयविकाराच्या झटक्याने गेला. नोकरी सतरा वर्षं आठ महिने. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २२,१०० रुपये. मागे बायको, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि त्याच्यावरच अवलंबून असलेली म्हातारी आई. फाईल उघडली तर नामनिर्देशनाच्या फॉर्मवर नाव थोरल्या भावाचं. नोकरीला लागला तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, आणि नंतर तो फॉर्म बदलायला आम्हीही सांगितलं नाही, त्यालाही सुचलं नाही.

अशा वेळी घरात पहिली ठिणगी इथेच पडते. भावाला वाटतं, पैसे आपल्या नावावर आहेत. बायकोला वाटतं, आपलं सगळं गेलं. दोघंही चुकीचे. पीएफच्या योजनेत आणि ग्रॅच्युइटीच्या कायद्यात ‘कुटुंब’ कुणाला म्हणायचं ते ठरलेलं आहे आणि त्यात भाऊ येत नाही. लग्न होऊन कुटुंब झालं की भावाच्या नावाचं नामनिर्देशन आपोआप रद्द होतं. मग पीएफची रक्कम कुटुंबात सारखी वाटली जाते. इथे बायको, दोन मुलं आणि अवलंबून असलेली आई, असे चार हिस्से. हे पत्रात स्पष्ट लिहायलाच हवं. तोंडी सांगितलं तर ‘ऑफिसवाल्यांना फितवलं’ असं ऐकावं लागतं. कंपनीच्या कागदावर आलं की वाद तिथेच थांबतो.

त्या घरी गेलेला दुसरा कागद साधारण असा होता:

‘श्रीमती वहिनी, आपल्याला आणि कुटुंबाला मिळायच्या रकमा खाली लिहीत आहे.

ग्रॅच्युइटी २,२९,५०० रुपये. मासिक पगार २२,१०० भागिले २६, म्हणजे दिवसाचे ८५०. वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणे १२,७५०. नोकरीची अठरा वर्षं. हे पैसे कंपनी देईल. चार वारसांचा प्रत्येकी हिस्सा ५७,३७५ रुपये.

शिल्लक रजा ३४ दिवस, त्याचे २८,९०० रुपये, आणि शेवटच्या महिन्याचा पगार. हेही कंपनी देईल.

भविष्यनिर्वाह निधीची जमा रक्कम व्याजासह. ही पीएफ कार्यालय देईल. शेवटची स्लिप सोबत जोडली आहे.

पीएफचा विमा ७,००,००० रुपये. यासाठी आपण कधी हप्ता भरल्याचं आपल्याला आठवणार नाही, कारण तो कंपनी भरत होती. चार हिस्से प्रत्येकी १,७५,००० रुपये.

कुटुंब निवृत्तिवेतन. दर महिन्याला आपल्याला, आणि त्याच्या पंचवीस टक्के प्रत्येक मुलाला, त्यांच्या वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत. रक्कम पीएफ कार्यालय ठरवेल.

पीएफ, विमा आणि निवृत्तिवेतन या तिन्हींचा फॉर्म एकच आहे. तो आम्ही भरून आणू. आपण फक्त पुढचे कागद काढून ठेवा: मृत्यूच्या दाखल्याच्या पाच प्रती, चौघांची आधार कार्डं, मुलांचे जन्मदाखले, तहसीलचा कुटुंबातील सदस्यांचा दाखला, आणि आपल्या एकटीच्या नावाचं बँक खातं. नवऱ्याबरोबरचं जोडखातं चालवू नका. कोऱ्या कागदावर कुणालाही सही देऊ नका, आम्हालासुद्धा.’

खाली माझं नाव, माझा फोन नंबर, आणि ‘मी गुरुवारी आपल्या घरी येईन’ अशी एक ओळ.

या हिशोबातल्या दोन-तीन गोष्टी उलगडून सांगतो. सतरा वर्षं आठ महिन्यांची अठरा वर्षं झाली, कारण सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची नोकरी लागते हे सगळ्यांना पाठ असतं, पण कामगार वारला तर ती अट नाही. वर्षभराच्या नोकरीवर गेलेल्याच्या घरीही ती द्यावी लागते, आणि इथेच बरेच छोटे मालक ‘पाच वर्षं कुठे झाली?’ म्हणून मोकळे होतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ग्रॅच्युइटी सामाजिक सुरक्षा संहितेखाली गेली आहे. ही सवलत तशीच आहे. बदल झाला तो पगाराच्या व्याख्येत. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग आता पगारात धरायचा. म्हणून आज हिशोब करणाऱ्याने जुना तक्ता समोर ठेवू नये.

विम्याचे सात लाख असे आले. पीएफचा पगार कितीही असला तरी इथे पंधरा हजारांपर्यंतच धरतात. त्याची पस्तीस पट म्हणजे ५,२५,०००. वर, वर्षभरातल्या सरासरी पीएफ शिल्लकेच्या निम्मे, पण १,७५,००० च्या आत. या कामगाराची शिल्लक साडेतीन लाखांच्या पुढे होती, म्हणून तो भागही पूर्ण मिळाला.

मुलांच्या हिश्शाबद्दल घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर संशय येतो. अज्ञान मुलाचा ग्रॅच्युइटीचा हिस्सा कंपनी आईच्या हातात देत नाही. तो सक्षम अधिकाऱ्याकडे भरते आणि मूल सज्ञान होईपर्यंत तो बँकेत मुदत ठेवीत राहतो. त्या माउलीला आधी वाटलं की कंपनीने निम्मे पैसे दाबले. पत्रात ही ओळ मी विसरलो होतो. चूक माझी.

पतपेढीचं कर्जही लपवू नये. या कामगारावर चाळीस हजारांच्या आसपास बाकी होती. पीएफ आणि ग्रॅच्युइटीवर कुणाची जप्ती येत नाही, हे मात्र त्याच दमात लिहावं. नाहीतर पतपेढीचा माणूस घरी येऊन ‘सगळं वळतं होणार’ म्हणून घाबरवून जातो.

आणि फॉर्म पाठवण्याआधी नावं जुळवून बघा. प्रकरण परत येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं. आमच्या नोंदीत बायकोचं नाव सासरचं होतं, आधारवर माहेरचं, पासबुकात निव्वळ पहिलं नाव आणि आडनाव. आधी आधार दुरुस्त केलं, मग बँक, मग फॉर्म. दोन आठवडे जास्त गेले, पण प्रकरण एका फेरीत सुटलं. फॉर्मवर तिन्ही मागण्यांना खूण केली आहे ना, तेही तपासा. निवृत्तिवेतनाची खूण राहिली तर पीएफ मिळतं, घरचे समजतात संपलं, आणि महिन्याचं हक्काचं पेन्शन वर्षानुवर्षं कुणी मागतच नाही.

ज्यांच्या घरी असं पत्र आलेलंच नाही त्यांना सांगतो. ग्रॅच्युइटीचा हिशोब करून वारसांना लेखी कळवणं ही मालकाचीच जबाबदारी आहे, तुम्ही अर्ज केला असो वा नसो. तीस दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर व्याजासह. तरीही अर्ज द्या आणि पोच घ्या. पीएफच्या फॉर्मवर मालक सही देत नसेल, कंपनी बंद पडली असेल, तर राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर किंवा सरपंच यांची साक्षांकित सही चालते. कामावर अपघात होऊन मृत्यू झाला असेल तर नुकसानभरपाई या सगळ्याहून वेगळी असते, ती स्वतंत्र मागा.

आस्थापनेत बसणाऱ्यांना एक विनंती. उद्या कामावर गेलात की नामनिर्देशनाचे जुने फॉर्म काढा, आणि नोकरीला लागल्यानंतर ज्यांची लग्नं झाली त्यांना एकेकाला बोलावून नवा फॉर्म भरून घ्या.