गुलाबी रंगावर भरवसा नको

नगरच्या एखाद्या घरात गोव्याच्या चोरिसासारखा खिमा मुरवायचा झाला, तर चमचा नव्हे, ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा हवा. किलोभर खिम्याला २२ ग्रॅम साधे मीठ आणि ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असलेले क्युरिंग मीठ अडीच ग्रॅम पुरते. त्यातून सुमारे १५६ मिलिग्रॅम नायट्राइट जाते. शुद्ध नायट्राइट घरी आणूच नये. ते मिठासारखेच दिसते आणि त्याचा एक चमचा जीव घेऊ शकतो.

खिमा गुलाबी झाला म्हणजे सुरक्षित झाला, ही समजूत चुकीची आहे. रंग यायला किलोमागे १५ मिलिग्रॅमही पुरतात. बोटुलिझमचा जंतू रोखायला त्याच्या कितीतरी पट लागतात. म्हणून वजन करून मिसळावे, ४ अंश सेल्सिअसखाली फ्रिजमध्ये मुरवावे आणि आतले तापमान ७१ अंशांवर जाईपर्यंत शिजवावे. खात्री काटा आणि तापमापक देतात, डोळे नव्हे.