कॅशेआधी नेटवर्क तपासा



नासमध्ये एसएसडी कॅशे बसवली की सगळे काम वेगवान होते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे सुरतेच्या साडी-डिझाइन स्टुडिओला तरी लागू पडत नाही.

तिथे डिझायनर दीड जीबीची छपाईची फाइल उघडतो. एक गिगाबिटच्या जाळ्यातून सेकंदाला जेमतेम ११० एमबी येतात, म्हणजे सुमारे चौदा सेकंद. चार हार्ड डिस्कचा संच सलग वाचनात याहून कितीतरी जास्त देतो. अडथळा केबल आणि स्विचचा असतो. शिवाय अनेक नास असे सलग वाचन कॅशेत घेतच नाहीत. अडीच गिगाबिटचा स्विच आणि कार्ड घेतल्यास तीच फाइल सहाएक सेकंदांत येते.

कॅशेचा खरा फायदा हिशेबाच्या डेटाबेसला किंवा व्हर्च्युअल मशीनला होतो. तिथे त्याच छोट्या नोंदी पुन्हापुन्हा, विखुरलेल्या जागांवरून वाचल्या जातात आणि हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे फेऱ्यांतच दमते. आठवडाभराने हिट रेट पाहावा. तो कमीच राहिला तर पैसे वाया गेले.

एक इशारा मात्र हवाच. वाचन-कॅशे बंद पडली तरी मूळ प्रत डिस्कवर असते. लेखन-कॅशेत ताजा डेटा आधी एसएसडीवरच असतो आणि टियरिंगमध्ये तर एकमेव प्रत तिथे असू शकते. म्हणून तिथे दोन एसएसडींची जोडी, यूपीएस आणि वेगळा बॅकअप लागतोच.

— एक वाचक, सुरत