अकरा किल्ल्यांचा जुडगा
गेल्या आठवड्यात कात्रजच्या उतारावर चाक खड्ड्यात आपटलं, डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकले आणि इंजिन बंद पडून स्टिअरिंग जड झालं. माझा संशय बॅटरीवर. मिस्त्रींनी मात्र उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून नुसती किल्ली हलकेच हलवली, तर तेच दिवे पुन्हा मिचमिचले. घर, दुकान, कपाट अशा अकरा किल्ल्यांचं ओझं वर्षानुवर्षं लोंबकळून इग्निशन स्विचच्या आतले पॉइंट झिजले होते. हादऱ्यानं ते सुटले की इंजिनाची वीजच तुटते. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं २०१४ साली सैल स्विचपायी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण किल्ली घसरली की एअरबॅगही निकामी होत. मी स्विच बदलला. तुम्ही गाडीची किल्ली आजच जुडग्यातून सोडवा.