‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ नको, आकडा द्या

कॉलेजच्या अंकासाठी रिपोर्ट लिहिताय? मग हा मजकूर ओळखीचा वाटेल : ‘दिनांक 12 जानेवारी रोजी महाविद्यालयाच्या सभागृहामध्ये भव्य रक्तदान शिबिराचे आयोजन करण्यात आले होते. या शिबिराला विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला व एकूण 64 विद्यार्थ्यांनी रक्तदान केले.’

शब्द 25. आता कात्री लावू. ‘दिनांक’ आणि ‘रोजी’ कशाला? ‘12 जानेवारीला’ पुरतं. ‘आयोजन करण्यात आले होते’ म्हणजे ‘झालं’. ‘भव्य’ आणि ‘उत्स्फूर्त’ तर कुठल्याही शिबिराला चिकटतात, म्हणून ते काहीच सांगत नाहीत. सांगतो तो 64 हा आकडा. उरलं काय? ‘महाविद्यालयाच्या सभागृहात 12 जानेवारीला झालेल्या शिबिरात 64 विद्यार्थ्यांनी रक्तदान केले.’ शब्द फक्त 10.

खरी गंमत पुढेच आहे. एवढं पाखडल्यावर उणीव दिसते : शिबिर घेतलं कोणी? ‘करण्यात आले’ने हा प्रश्नच झाकून ठेवला होता. मग फोन करा, विचारा आणि नाव घाला. वाक्य दोन-तीन शब्दांनी वाढलं तरी बिघडत नाही. माझ्या मते शब्द कापायचे ते जागा वाचवायला नाही, आपण काय विचारायचं राहिलं ते कळावं म्हणून.